जूनच्या पेन्शनसाठी लिहिलेली दोन पत्रं

एक जुलैला नव्या बँकेचं पासबुक छापून घेतलं. पानावर दोनच ओळी उमटल्या, खातं उघडताना मी स्वतः भरलेल्या रकमेची आणि जुन्या खात्यातून वळवलेल्या शिलकेची. पेन्शनची ओळ नव्हती. निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात पेन्शन एकदाही चुकली नव्हती, म्हणून उद्या-परवा येईल असं धरून मी घरी आले. ती एक पेन्शन हातात पडायला पुढे साडेतीन महिने लागले. पैसे बुडाले नव्हते, दुसऱ्या कुणाच्या खात्यातही गेले नव्हते. ते पेन्शन कार्यालयातच परत येऊन पडले होते आणि ते माझे आहेत हे कार्यालयाला कळत नव्हतं. का कळत नव्हतं आणि शेवटी कशामुळे कळलं, ते सविस्तर लिहिते. बँक बदलणाऱ्या कुणाही पेन्शनरच्या बाबतीत हे होऊ शकतं, आणि त्या महिन्यात काय करायचं हे आधी माहीत असलं तर बरेच हेलपाटे वाचतात.

जुन्या बँकेची शाखा लांब हलली होती, म्हणून मी घराजवळच्या बँकेत खातं उघडलं. 9 जूनला पेन्शन कार्यालयात खातेबदलाचा अर्ज दिला. सोबत नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्राची प्रत जोडली, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. "पुढची पेन्शन नव्या खात्यात येईल, मॅडम," असं खिडकीवर सांगण्यात आलं. त्या शब्दावर विसंबून 27 जूनला मी जुन्या बँकेत गेले, शिल्लक नव्या खात्यात वळवली आणि जुनं खातं बंद करून टाकलं. तिथल्या कारकुनाने कात्रीने पासबुकाचा एक कोपरा कापला, पहिल्या पानावर 'खाते बंद' असा शिक्का मारून खाली तारीख घातली आणि ते मला परत दिलं. कोपरा कापलेलं ते पासबुक मी फेकून दिलं नाही. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात चौकशी केली तेव्हा "बदल नुकताच झालाय, थोडं थांबा" असं उत्तर मिळालं. एक ऑगस्टला पेन्शन नव्या खात्यात जमा झाली. घरचे म्हणाले, झालं एकदाचं. मीही क्षणभर तेच समजले. पण पासबुक नीट पाहिलं तर रक्कम एकाच महिन्याची होती. ती जुलैची होती. जूनची मागेच राहिली होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, जी मला तेव्हा माहीत नव्हती. पुढचा महिना सुरळीत आला म्हणजे मागचा आपोआप भरून येईल, असं नसतं. दर महिन्याची यादी त्या महिन्यापुरती बनते. गेल्या महिन्याची रक्कम पोहोचली का, हे ती यादी बघत नाही. राहिलेला महिना वेगळ्या मागणीवर, वेगळ्या मंजुरीने निघतो, आणि ती मागणी बहुतेक वेळा पेन्शनरलाच करावी लागते.

ओळखीच्या काही निवृत्त शिक्षकांनी हयातीच्या दाखल्याची शंका काढली. माझा दाखला वेळेत दिलेला होता, तरी मी पुन्हा तपासून आले. आता कळतं की ती शंका मुळातच गैरलागू होती. हयातीचा दाखला राहिला तर पेन्शन थांबते आणि दाखला देईपर्यंत थांबलेलीच राहते. इथे मधला एकच महिना गळला होता आणि पुढचा ठरल्या दिवशी आला होता. एकच महिना गळतो तेव्हा अडचण बहुधा पेन्शनरच्या हक्कात नसते, पैशाच्या वाटेत असते. तिसरी शक्यता असते खाते क्रमांकातला आकडा चुकण्याची. ती सगळ्यात वाईट, कारण चुकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा चालू खाते क्रमांक निघाला तर रक्कम तिथे जमा होऊन बसते आणि आपणहून परत येत नाही. पण तसं असतं तर जुलैची पेन्शनही मला मिळाली नसती.

6 ऑगस्टला मी पहिलं पत्र लिहिलं. दोन पानं झाली. एकतीस वर्षांची नोकरी, एकटीवर असलेला औषधांचा खर्च, तीन वेळा मारलेल्या फेऱ्या, खिडकीवर मिळालेलं आश्वासन, सगळं त्यात होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. शेवटी "तरी जून महिन्याची पेन्शन मिळावी ही विनंती" असं लिहिलं होतं. 29 ऑगस्टला उत्तर आलं, तीन ओळींचं. 'आपले जून महिन्याचे निवृत्तिवेतन दि. 30 जून रोजी अदा करण्यात आले आहे. तरी आपण आपल्या बँकेशी संपर्क साधावा.'

ते वाचून माझे हात थरथरले. नव्या बँकेत गेले. तिथे संगणकात पाहून सांगितलं की जूनची पेन्शन आलेलीच नाही. जुन्या बँकेत गेले. "खातं बंद आहे, आता इथे काही दिसत नाही," असं उत्तर मिळालं. तीन ठिकाणी तीन उत्तरं, आणि कुणीतरी खोटं बोलतंय या विचाराने माझी एक रात्र झोपेशिवाय गेली.

या गुंत्याचं टोक हाती आलं ते आमच्या शाळेच्या भाऊसाहेबांमुळे. शाळेचं सगळं दप्तर, पगारबिलं त्यांनीच सांभाळली. तेही आता निवृत्त आहेत. त्यांनी पहिलं पत्र आणि उत्तर दोन्ही वाचलं आणि म्हणाले, "बाई, कुणीच खोटं बोलत नाहीये. 'अदा केले' म्हणजे पाठवले. तुमच्या हातात पडले असा त्याचा अर्थ नाही."

मग त्यांनी कागदावर तारखा लिहायला लावल्या. वर्गात एखादं गणित सोडवताना दिलेली माहिती आधी मांडून घ्यावी, तसं. 9 जूनला अर्ज दिला. अर्ज आला म्हणून खातं त्याच दिवशी बदलत नाही. कारकून नोंद करतो, वरचा अधिकारी ती तपासून मंजूर करतो. महिन्याची यादी मात्र पैसे निघण्याच्या कितीतरी दिवस आधी गोठवली जाते, म्हणजे त्यानंतर झालेला बदल त्या महिन्यात धरला जात नाही. भाऊसाहेबांचा तर्क असा होता की माझ्या बदलाची मंजुरी यादी गोठल्यानंतर झाली असणार. म्हणजे जूनची रक्कम जुन्याच खात्याकडे निघाली, आणि ती पोहोचण्याच्या तीन दिवस आधी मी ते खातं बंद केलं होतं.

बंद खात्याकडे आलेली रक्कम बँक ठेवून घेत नाही. 'खाते बंद' असं कारण लावून ती पाठवणाऱ्याकडे परत करते. म्हणून जुन्या बँकेत माझ्या नावावर काही दिसत नव्हतं, नव्या बँकेत काही आलं नव्हतं, आणि कार्यालयाच्या पेन्शन नोंदीत 'अदा' लिहिलेलं होतं. तिघांचंही खरं होतं.

"मग परत आलेले पैसे त्यांना दिसायला नकोत का?" मी विचारलं.

"दिसतात ना. पण ते तुमचे आहेत हे दिसत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कार्यालयात आले. खिडकीवर न थांबता आम्ही हिशेब बघणाऱ्या टेबलाकडे गेलो. तिथल्या बाईंनी माझा पेन्शन आदेश क्रमांक टाकून नोंद काढली आणि पडदा आमच्याकडे वळवला. खातेबदल मंजूर झाल्याची तारीख होती 22 जून. यादी गोठली होती 20 जूनला. दोन दिवसांचा फरक. त्यांच्या यादीत परत आलेल्या रकमांचा वेगळा तक्ता होता. त्यात प्रत्येक रकमेपुढे परत येण्याची तारीख, कारण आणि ज्या खात्याकडे पाठवली होती त्याचा क्रमांक एवढंच होतं. त्या बाई म्हणाल्या, की परत आलेली रक्कम कुणाची हे खाते क्रमांकावरून शोधतात. क्रमांक पेन्शनरच्या नोंदीशी जुळला की रक्कम त्याच्या नावे लागते.

आणि माझ्या नोंदीत आता जुना क्रमांक कुठेच नव्हता. 22 जूनला नवा क्रमांक चढला आणि जुना पुसला गेला. 1 जुलैला रक्कम परत आली ती जुन्या क्रमांकासकट. तो क्रमांक एकाही पेन्शनरच्या नोंदीशी जुळला नाही, म्हणून ती 'न जुळलेल्या रकमां'त पडून राहिली. माझ्या दोन पानी पत्रात मी मोठ्या काळजीने नवा खाते क्रमांक दोनदा लिहिला होता. जुना एकदाही लिहिला नव्हता, कारण ते खातं तर बंद झालं होतं, त्याचं आता काय, असं मला वाटलं होतं. जी एक गोष्ट त्यांना हवी होती तीच पत्रात नव्हती.

मी पिशवीतून कोपरा कापलेलं पासबुक काढलं. त्या बाईंनी क्रमांक तक्त्यात शोधला. सापडला. रकमेचा आकडाही माझ्या मासिक पेन्शनशी पैशापर्यंत जुळत होता. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही.

पण तक्त्यात सापडणं म्हणजे पैसे मिळणं नव्हे. ही रक्कम पुन्हा काढायची तर परत आल्याचा बँकेचा लेखी पुरावा लागेल, असं बाईंनी सांगितलं. ही अट मला पटली. एकच महिना दोनदा दिला जाऊ नये म्हणून ती असते. अडचण अशी की जुनी बँक आधी "इथे काही दिसत नाही" म्हणाली होती. भाऊसाहेबांनी तिथेच विचारलं, "रक्कम पाठवली तेव्हाचा व्यवहार क्रमांक द्याल का?" प्रत्येक रक्कम बँकेकडे जाते तेव्हा तिला एक स्वतंत्र क्रमांक पडतो, आणि परत येताना तोच क्रमांक तिच्याबरोबर असतो. बाईंनी तो क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि रक्कम एका कागदावर लिहून खाली सही-शिक्का दिला.

तो कागद घेऊन जुन्या बँकेत गेल्यावर बोलणंच बदललं. आधी मी "माझी पेन्शन आली होती का" असं विचारत होते, आणि ते माझं खातं उघडून बघत होते. बंद खात्यात जमा न झालेली रक्कम त्या खात्याच्या उताऱ्यात कशी दिसेल? ती खात्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. आता त्यांनी खातं सोडून व्यवहार क्रमांक शोधला. दहा मिनिटांत नोंद निघाली. मी लेखी अर्ज दिला आणि तीन दिवसांनी शाखेच्या पत्रावर तसा दाखला मिळाला, की अमुक व्यवहार क्रमांकाची रक्कम खाते बंद असल्याने जमा झाली नाही व 1 जुलैला पाठवणाऱ्याकडे परत केली.

मग 18 सप्टेंबरला दुसरं पत्र लिहिलं. ते इथे जसंच्या तसं देते. क्रमांक तेवढे पूर्ण देत नाही.

प्रति,
मा. पेन्शन अधिकारी यांस

विषय : जून महिन्याचे निवृत्तिवेतन बँकेकडून परत आल्याने नवीन खात्यात पुन्हा अदा करणेबाबत.

संदर्भ : 1) खातेबदलाचा माझा दि. 9 जूनचा अर्ज. 2) आपले दि. 29 ऑगस्टचे पत्र.

महोदय,

मी निवृत्त शिक्षिका असून माझा पेन्शन आदेश क्रमांक वर नमूद केला आहे. संदर्भ 2 अन्वये जून महिन्याचे निवृत्तिवेतन दि. 30 जून रोजी अदा झाल्याचे आपण कळविले आहे. सदर रक्कम माझ्या जुन्या खात्याकडे पाठविली गेली होती. ते खाते दि. 27 जून रोजी बंद झाले असल्याने रक्कम जमा न होता दि. 1 जुलै रोजी आपल्या कार्यालयाकडे परत आली आहे. त्याबाबत बँकेचा दाखला सोबत जोडला आहे.

जुना खाते क्रमांक (बंद) : शेवटचे अंक 4417
नवीन खाते क्रमांक (चालू) : शेवटचे अंक 0926
परत आलेल्या रकमेचा व्यवहार क्रमांक : बँकेच्या दाखल्याप्रमाणे

परत आलेल्या रकमांच्या नोंदीत ही रक्कम जुन्या खाते क्रमांकावर आढळेल. खातेबदलाची नोंद दि. 22 जून रोजी झाल्याने तो क्रमांक माझ्या सध्याच्या नोंदीत दिसत नाही. तरी सदर रक्कम माझ्या नावे लावून नवीन खात्यात अदा करावी, ही विनंती. जुलैपासूनचे निवृत्तिवेतन नवीन खात्यात नियमित जमा होत आहे, त्याबाबत माझी तक्रार नाही.

सोबत : बँकेचा दाखला, बंद खात्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, नवीन खात्याचा जून ते ऑगस्टचा उतारा, 9 जूनच्या अर्जाची पोच.

आपली विश्वासू

शेवटचं वाक्य, जुलैपासूनची तक्रार नाही हे, भाऊसाहेबांनी मुद्दाम घालायला लावलं. मला ते अनावश्यक वाटलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की पत्र ज्या टेबलावर जाईल तिथला माणूस आधी संपूर्ण खातं तपासायला घेईल, पेन्शन बंद पडलीय असं समजून फाईल हयातीच्या दाखल्याच्या टेबलाकडे पाठवेल आणि तिथे आठवडा जाईल. एक महिना, एक रक्कम, एक मागणी, एवढंच दिसलं पाहिजे. उताराही त्यांनी तीन महिन्यांचा जोडायला सांगितला तो त्यासाठीच. जूनची ओळ नाही आणि पुढच्या महिन्यांच्या आहेत, हे एका पानावर दिसतं.

नोकरीची वर्षं, औषधं, फेऱ्या यातलं काहीही या पत्रात नाही. ते लिहिताना मला जड गेलं. पैसे अडकल्यावर माणसाला आपलं ऐकून घेतलं जावं असं वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण परत आलेल्या रकमांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो. माझं म्हणणं मी वेगळ्या पत्रात लिहिलं आणि ते कार्यालयाच्या प्रमुखांना दिलं. त्यात दोन सूचना केल्या. खातेबदल होताना जुना क्रमांक पुसू नये, नोंदीत मागे ठेवावा. आणि अर्ज घेतानाच पेन्शनरला लेखी कळवावं की नव्या खात्यात पहिली पेन्शन जमा झाल्याचं दिसेपर्यंत जुनं खातं बंद करू नका. खिडकीवर कुणी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर जुनं खातं आणखी एक महिना चालू राहिलं असतं. जूनची पेन्शन निमूटपणे तिथे जमा झाली असती आणि मी ती नव्या खात्यात वळवली असती.

12 ऑक्टोबरला जूनची रक्कम जमा झाली. पूर्ण झाली, काही कापून नाही. मी हे मुद्दाम ताडून पाहिलं, कारण परत काढलेल्या रकमेतून वजावट चुकून दुसऱ्यांदा होऊ शकते. तुमच्यावर अशी वेळ आली तर जमा झालेला आकडा आधीच्या महिन्यांच्या आकड्याशी जरूर ताडून बघा.

एक काम मात्र राहिलं होतं, ते वर्ष संपल्यावर कळलं. कार्यालयाकडून वार्षिक उत्पन्नाचं विवरण आलं त्यात पेन्शनच्या तेरा नोंदी होत्या. जूनची रक्कम दोनदा दाखवली होती, 30 जूनला पाठवलेली एक आणि ऑक्टोबरला दिलेली दुसरी. परत आलेली रक्कम जमेतून वजा करायची राहून गेली होती. तसंच राहिलं असतं तर न मिळालेल्या एका महिन्याच्या पेन्शनवर मला कर लागला असता. यावेळी पत्र लिहायला मला कुणाची मदत लागली नाही. सहा ओळी लिहिल्या, बँकेचा तोच दाखला पुन्हा जोडला. दुरुस्त विवरण आलं आहे. त्यात बाराच नोंदी आहेत, आणि जूनच्या पुढे तारीख 12 ऑक्टोबर.